कोपऱ्यातली एक चौकट

माझी भाची यंदा नववीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत ती आमच्याकडे आली होती, तेव्हा एका स्पर्धा परीक्षेच्या सरावाचं पुस्तक घेऊन बसली होती. त्यातल्या एका गणितापाशी ती अडली. गणित असं होतं : दोन धन पूर्णांकांचा गुणाकार त्यांच्या बेरजेपेक्षा २३ने जास्त आहे, तर अशा सगळ्या जोड्या शोधा. समीकरण तिने बरोबर मांडलं होतं.

xy − x − y = २३

"आत्या, अक्षरं दोन आणि समीकरण एकच. हे सुटणार कसं?" तिने विचारलं.

शंका रास्त होती. दोन चलं असली की दोन समीकरणं हवीत, हे शाळेत पक्कं बसलेलं असतं. एकच समीकरण असेल तर उकली असंख्य निघतात, आणि इथेही तसंच होतं. x = ६ घेतला तर ५y = २९ येतं, म्हणजे y = ५.८. ही उकल चुकीची नाही. ६ आणि ५.८ यांचा गुणाकार ३४.८, बेरीज ११.८, फरक बरोबर २३. अपूर्णांक चालत असतील तर x ला १ सोडून कुठलीही किंमत द्यावी, जोडीला y मिळतोच. गणिताला आवळून धरणारा शब्द 'पूर्णांक' हा आहे. दुसऱ्या समीकरणाचं काम तो शब्द करतो, आणि तो नीट वापरायची युक्ती सापडली की गणित दोन ओळींत संपतं.

पण आधी तिने तिच्या पद्धतीने करून पाहावं असं मला वाटलं. ती किमती घालत गेली. x = २ घेतल्यावर y = २५ आला. ३ला १३, ४ला ९, ५ला ७. ६ला अपूर्णांक. ७ला ५, म्हणजे मघाचीच जोडी उलटी. ८ला अपूर्णांक, ९ला ४. १०, ११ आणि १२ने काहीच दिलं नाही. १३ला ३ आला. तिथे तिने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "पण कुठपर्यंत जायचं?"

या गणितातला खरा प्रश्न हाच आहे. चार जोड्या हाती लागल्या, पण पाचवी नाही कशावरून? १३च्या पुढे कुठेतरी, १००च्या पुढे, १,०००च्या पुढे एखादी जोडी दडून बसली असेल तर? किमती घालून पाहण्याने उत्तरं मिळतात, पण उत्तरं संपली आहेत हे त्यातून कळत नाही. 'सगळ्या जोड्या शोधा' या वाक्यातला 'सगळ्या' हा शब्द पुरा करायला दुसरी वाट लागते.

ती वाट अशी. डाव्या बाजूच्या पहिल्या दोन पदांतून x बाहेर काढला की x(y − १) − y उरतं. आता कंसात y − १ आहे आणि बाहेर नुसता −y लोंबकळतो आहे. तो −(y − १) असता तर दोन्हीकडून y − १ सामाईक निघाला असता. −(y − १) म्हणजे −y + १, म्हणजे आपल्याला फक्त १ कमी पडतो आहे. मग तो १ दोन्ही बाजूंना मिळवायचा.

xy − x − y + १ = २४
(x − १)(y − १) = २४

आता x − १ आणि y − १ हे दोन पूर्णांक आहेत आणि त्यांचा गुणाकार २४ आहे. २४चे असे अवयव किती? १ × २४, २ × १२, ३ × ८ आणि ४ × ६. बस्स. प्रत्येक अवयवात १ मिळवला की जोड्या हजर : २ आणि २५, ३ आणि १३, ४ आणि ९, ५ आणि ७. भाचीने किमती घालून मिळवलेल्या त्याच चार. फरक इतकाच की आता पाचवी नाही याची खात्री झाली, कारण २४ला आणखी अवयवच नाहीत. न संपणारा शोध एका छोट्या संख्येचे अवयव पाडण्यावर आला.

तिने ओळी उतरवून घेतल्या, पण चेहऱ्यावरून दिसत होतं की तो १ तिला पटला नव्हता. दोन्ही बाजूंना सारखंच मिळवलं तर समीकरण बिघडत नाही, हे तिला मान्य होतं. पण नेमका १च मिळवायचं सुचावं कसं? म्हणून मी तिला चौकटीची वही उघडायला सांगितली.

तिने ७ चौकटी आडव्या आणि ५ उभ्या असा आयत आखला. एकूण ३५ चौकटी. मी म्हटलं, तळाची आडवी ओळ पेन्सिलीने रंगव. त्यात ७ चौकटी, म्हणजे आपला x. आता डावीकडची उभी ओळ रंगव. त्यात ५, म्हणजे आपला y. बिनरंगी किती उरल्या? तिने वहीत न पाहताच ३५ − ७ − ५ केलं आणि २३ सांगितलं. मग मी मोजायला लावलं. मोजल्या तर २४ भरल्या. पुन्हा मोजल्या, पुन्हा २४. चौथ्या ओळीवर बोट ठेवता ठेवता ती थांबली आणि खाली डाव्या कोपऱ्यातल्या चौकटीकडे बघू लागली. ती चौकट आडव्या ओळीतही होती आणि उभ्या ओळीतही. वजाबाकीत ती दोनदा गेली होती, कागदावर मात्र एकदाच रंगली होती. दोनदा वजा झालेली ती एक चौकट परत द्यायची, तो हा +१. उरलेला बिनरंगी आयत ६ बाय ४ असतो, म्हणजे x − १ बाय y − १. समीकरणातल्या दोन्ही कंसांना कागदावर लांबी आणि रुंदी मिळाली.

हे चित्र माझं नाही. ते भास्कराचार्यांचं आहे, आणि निदान पावणेनऊशे वर्षं जुनं आहे. भास्कराचार्यांनी 'सिद्धांतशिरोमणी' हा ग्रंथ ११५०मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी पुरा केला. त्यातल्या बीजगणितात या प्रकारच्या समीकरणांना स्वतंत्र जागा आहे. तिथे या प्रकाराचं नाव आहे 'भावित'. दोन अज्ञातांचा गुणाकार म्हणजे भावित. त्या काळी पहिल्या अज्ञाताला यावत्तावत् म्हणत आणि पुढच्यांना रंगांची नावं देत : कालक म्हणजे काळा, नीलक, पीतक, लोहितक. लिहिताना त्यांची पहिली अक्षरं घेत, या, का, नी अशी. आपण जिथे xy लिहितो तिथे 'याकाभा' असं लिहिलेलं असे. सुट्या संख्येला 'रूप' म्हणत आणि 'रू' लिहीत. भावितांचा विचार त्याच्याही आधी ब्रह्मगुप्तांनी ६२८च्या 'ब्राह्मस्फुटसिद्धांता'त केलेला आहे. पण आयत काढून उपपत्ती दाखवणारे भास्कराचार्य मला या विषयात जवळचे वाटतात. उपपत्ती दोन प्रकारची असते, एक आकृतीतून आणि एक राशींतून, असं ते तिथे सांगतात आणि दोन्ही करून दाखवतात.

त्यांचं उदाहरण आपल्या लिपीत मांडायचं तर असं आहे : एका संख्येची चौपट, दुसरीची तिप्पट आणि वर २, यांची बेरीज त्या दोन संख्यांच्या गुणाकाराइतकी आहे.

xy = ४x + ३y + २

आधी ते सोपा उपाय देतात. एका अज्ञाताला मनाने किंमत द्या, म्हणजे भावित नाहीसं होईल आणि दुसरा अज्ञात काढता येईल. भाचीने केलं तेच. मग कमी श्रमाची रीत येते. मनात आयत आणा, एक बाजू x, दुसरी y. त्याचं क्षेत्रफळ xy. त्यातून x लांबीच्या ४ ओळी आडव्या कापा आणि y लांबीच्या ३ ओळी उभ्या. या वेळी कोपऱ्यात एक चौकट सापडत नाही, ४ बाय ३चा तुकडा सापडतो, १२ चौकटींचा. तो दोनदा वजा झालेला असतो. म्हणून सुट्या २मध्ये हे १२ मिळवायचे.

(x − ३)(y − ४) = १४

१४चे अवयव १ × १४ आणि २ × ७. इथे दोन्ही कंस सारखे नाहीत, म्हणून अवयवांची अदलाबदल केली की जोडी बदलते. चार उकली मिळतात : ४ आणि १८, १७ आणि ५, ५ आणि ११, १० आणि ६. शेवटची पडताळून पाहू. १०ची चौपट ४०, ६ची तिप्पट १८, वर २, बेरीज ६०. गुणाकारही ६०.

म्हणजे '१ मिळवा' हे या युक्तीचं एक खास रूप आहे. मिळवायची संख्या नेहमी कोपऱ्यातल्या तुकड्याएवढी असते, म्हणजे x आणि y यांच्या सहगुणकांच्या गुणाकाराएवढी. दोन्ही सहगुणक १ असले की कोपरा १चा. ४ आणि ३ असले की १२चा. हे चित्र डोळ्यांपुढे असलं की काय मिळवायचं ते पाठ करावं लागत नाही.

चाळीसगावजवळच्या पाटण इथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव, जे यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होते, त्यांनी आजोबांच्या ग्रंथांचं अध्यापन व्हावं म्हणून मठ काढला, त्याची ती नोंद आहे, १२०७ची. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो लेख उजेडात आणला. त्या मठात कोण शिकलं ते आपल्यापर्यंत आलेलं नाही. पण आजोबांची गणितं नातवाने शिकवायला लावली तर भावितही शिकवलं गेलं असणार, असं मला वाटतं, आणि खानदेशातल्या त्या डोंगराच्या पायथ्याशी कोणी धुळीत आयत आखत बसलेलं मला दिसतं.

आता चुका कुठे होतात ते पाहू. सगळ्यात जास्त चूक ऋण संख्या विसरल्यामुळे होते. गणितात 'धन पूर्णांक' म्हटलं असेल तर प्रश्नच नाही. पण नुसतं 'पूर्णांक' म्हटलं असेल तर २४ म्हणजे (−४) × (−६) हेही धरावं लागतं. मग x = −३ आणि y = −५ मिळतात. पडताळा घ्या : गुणाकार १५, बेरीज −८, आणि १५ वजा −८ म्हणजे २३. बरोबर आलं. तसंच (−१) × (−२४) वरून ० आणि −२३ ही जोडी येते. शून्य आलं की मुलं बिचकतात आणि ती जोडी खोडून टाकतात, पण तीही खरी उकल आहे. २४चे धन विभाजक ८ आहेत. ऋण धरले तर १६ होतात. x कोणता आणि y कोणता हा भेद ठेवला तर पूर्णांकांतल्या उकली बरोबर १६. अशी मोजदाद आधी करून ठेवली की एखादी जोडी राहून गेली तर लगेच कळतं.

दुसरी अडचण xy ला सहगुणक असला की येते. ३xy − x − y = ९ घ्या. इथे १ मिळवून काहीच होत नाही. आधी सगळ्याला ३ने गुणायचं, म्हणजे ९xy − ३x − ३y = २७. आता १ मिळवला की

(३x − १)(३y − १) = २८

२८चे अवयव १ × २८, २ × १४, ४ × ७. पण इथे कुठलाही अवयव चालत नाही. ३x − १ या संख्येला ३ने भागलं तर बाकी २च उरायला हवी. २ आणि १४ यांना ती उरते, म्हणून x = १, y = ५. ताळा जमतो, १५ − ६ = ९. १ आणि २८ किंवा ४ आणि ७ यांना बाकी १ उरते, म्हणून त्या जोड्या बाद. इथपर्यंत बहुतेक जण येतात आणि थांबतात. पण ऋण बाजूला हिशेब अगदी उलटा होतो. ३x − १ = −४ ठेवलं तर x = −१ येतो आणि ३y − १ = −७ वरून y = −२. पडताळा : ३ गुणिले २ म्हणजे ६, अधिक १, अधिक २, झाले ९. (−१) × (−२८) वरून ० आणि −९ मिळतात. आणि धन बाजूला चाललेली २ × १४ ही जोडी ऋण झाली की बाद होते, कारण ३x − १ = −२ मधून x अपूर्णांक येतो. धन बाजूला टाकून दिलेले अवयव ऋण बाजूला उपयोगी पडतात, हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्यातच संध्याकाळ गेली होती.

उजवीकडची संख्या काय आहे यावर सगळं अवलंबून असतं. भाचीच्या गणितात २३च्या जागी २२ असतं तर १ मिळवून २३ आले असते. २३ ही मूळ संख्या, अवयव १ × २३ एवढेच, आणि धन उकल एकच, २ आणि २४. उजवीकडे ० असेल, म्हणजे ज्यांची बेरीज आणि गुणाकार सारखे आहेत अशा संख्या विचारल्या असतील, तर (x − १)(y − १) = १ येतं. धन पूर्णांकांत फक्त २ आणि २. दोन अधिक दोन चार आणि दोन दुणे चार हा योग पूर्णांकांच्या दुनियेत दुसऱ्या कुठल्या धन जोडीच्या वाट्याला येत नाही, आणि त्याचं कारण एवढंच की १ला १ × १ सोडून धन अवयव नाहीत. उजवीकडे −१ असेल तर मात्र गुणाकार शून्य होतो, युक्तीचा बांध फुटतो आणि उकली अनंत होतात : एक संख्या १, दुसरी हवी ती.

आणि उजवीकडची संख्या फार मोठी असली तर? युक्ती तेव्हाही खरीच असते, पण ती आपल्याला अवयवांच्या दारात आणून सोडते. पुढे जायचं तर अवयव पाडता यायला हवेत. २४चे तोंडी पडतात. शेकडो अंकी संख्येचे, तिचे मूळ अवयव दोनच आणि दोन्ही प्रचंड असतील तर, संगणकांनाही पाडता येत नाहीत. २०२०मध्ये अशी एक २५० अंकी संख्या फोडली गेली, त्यासाठी असंख्य संगणक कामाला लावावे लागले होते. रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांनी १९७७मध्ये काढलेली गुप्तलेखनाची पद्धत याच अडचणीवर उभी आहे. तिच्यात p आणि q या दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार जाहीर असतो आणि (p − १)(q − १) ही संख्या गुप्त ठेवतात. ही तर आपलीच चौकटींची आकृती : pq − p − q + १. ती गुप्त का ठेवायची, तेही या आकृतीतूनच समजतं. समजा गुणाकार १४३ आहे आणि कोणाला कळलं की गुप्त संख्या १२० आहे. मग p + q म्हणजे १४३ − १२० + १, अर्थात २४. बेरीज २४ आणि गुणाकार १४३ अशा संख्या ११ आणि १३. कुलूप उघडलं.

युक्तीची हद्दही लक्षात ठेवायला हवी. समीकरणात x आणि y यांचा गुणाकार आहे आणि बाकी पदं साधी आहेत, तोवरच आयत जमतो. वर्ग आले की गोष्ट बदलते. x² − २y² = १ याच्या डाव्या बाजूचे पूर्णांकांत अवयवच पडत नाहीत, आणि त्याच्या पूर्णांकी उकली संपतही नाहीत. तिथे भास्कराचार्यांच्याच ग्रंथातली चक्रवाल ही वेगळी रीत लागते.

भाची जायच्या आदल्या दिवशी मी तिला एक गणित घातलं. ज्याची परिमिती आणि क्षेत्रफळ यांची संख्या सारखीच येते, असे पूर्णांकी बाजूंचे आयत किती? तिने xy = २x + २y मांडलं, पण समीकरणाशी खेळत बसली नाही. वही घेऊन तिने थेट आकृती काढली. दोन ओळी आडव्या रंगवल्या, दोन उभ्या, आणि कोपऱ्यातल्या २ बाय २च्या तुकड्याभोवती गोल केला. "चार परत द्यायचे," ती म्हणाली, आणि खाली लिहिलं, (x − २)(y − २) = ४. २ × २ वरून ४ बाय ४चा चौरस, १ × ४ वरून ३ बाय ६चा आयत. दोन्ही तिने चौकटी मोजून आखले. मग ती जरा वेळ दोन्ही आकृत्यांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आत्या, हे बघ. दोन्हीत बिनरंगी भाग कोपऱ्याएवढाच आहे."